भरलेली शंकरपाळी

सगळे त्याला बाण म्हणतात, आणि तो बाण नसतोच. क्लास डायग्राममध्ये, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याआधी काढतात त्या आकृतीत, दोन चौकोन काढायचे, एक अख्ख्या वस्तूचा आणि एक तिच्या भागाचा, आणि त्यांना रेघेने जोडायचं. रेघेच्या अख्ख्या वस्तूकडच्या टोकाला एक तिरका चौकोन येतो. तो आतून पोकळ ठेवला तर अ‍ॅग्रिगेशन, काळा भरला तर कॉम्पोझिशन. एवढंच आहे. पण पोरं दरवर्षी तो चौकोन भागाच्या टोकाला काढतात आणि मी दरवर्षी तेवढ्याच जोरात ओरडते.

मी अकरा वर्षं मालवणच्या बाजूच्या एका कॉलेजात आयटीच्या मुलांना शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये मी नवीन असते. दर जूनमध्ये अर्ज, दर जूनमध्ये त्याच माणसांसमोर तीच मुलाखत, आणि ती माणसं मला विचारतात, "शिकवण्याचा अनुभव किती?" माझ्याच हाताखालून गेलेल्या पोरांना आता पुण्यात गाड्या आहेत. असो. तो रडगाणं गायचा विषय नाही, पण पुढे जे घडलं त्यात त्याचा हात आहे म्हणून सांगून टाकलं.

त्या तिरक्या चौकोनाला शंकरपाळी हे नाव एका बॅचने पाडलं. कोणीतरी मागच्या बाकावरून म्हणालं, "मॅडम, ही तर शंकरपाळी," आणि वर्ग हसत सुटला. मला राग यायला हवा होता, पण नाव चपखल होतं. तेव्हापासून आमच्याकडे पोकळ शंकरपाळी आणि भरलेली शंकरपाळी. परीक्षेत तेवढं लिहू नका, एवढीच मी ताकीद देते.

फरक समजावायला पुस्तकात घर आणि खोल्या असतात, गाडी आणि इंजिन असतं. गाडीचं उदाहरण तर मला बिलकूल पटत नाही. आमच्याकडे एका रिक्षाचं इंजिन तीन रिक्षा फिरून आलेलं असतं. म्हणून मी गणपती घेते. मूर्ती आणि तिची सोंड. मूर्ती पाण्यात गेली की सोंड गेली. सोंड वेगळी घरी परत येत नाही आणि ती एकाच वेळी दोन मूर्तींना लावता येत नाही. ही भरलेली. आता मूर्ती आणि तिच्याखालचा पाट. मूर्ती विरघळते, पाट आपण डोक्यावर घेऊन चिमूटभर वाळूसकट घरी आणतो, पुढच्या वर्षी त्यावर दुसरी मूर्ती बसते. ही पोकळ. मूर्तीच्या वर बांधलेल्या माटवीला टांगलेले नारळ-काकड्याही पोकळच, कारण माटवी उतरवली की त्यांची भाजी होते. मग मी विळी घ्यायला सांगते, घागर घ्यायला सांगते. प्रत्येक वेळी एकच करायचं: अख्खं मोडून बघायचं आणि भाग उरतो का ते पाहायचं. "मोडून बघा," हे माझं वर्गातलं पालुपद. मला त्याचा फार अभिमान होता.

चार वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाला मिठबावकडची एक मुलगी होती. किनाऱ्यावरच्या वाडीतली, कोळ्याची. वर्गात पहिल्या बाकावर बसायची नाही आणि शेवटच्याही नाही. प्रोजेक्टला सगळ्यांनी घेतलं ते लायब्ररी नाहीतर हॉस्पिटल, कारण त्यांच्या तयार फाइली फिरत असतात. हिने घेतली रापण.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, आणि ते ओढणाऱ्या घरांचा संघही रापणच. होडी जाळं घेऊन अर्धगोल फिरते आणि मग दोन्ही टोकांना वाडीतली माणसं उभी राहून ओढतात. मी कट्टा गावच्या बाजारातल्या मास्तरांची मुलगी. मासे जन्मभर खाल्ले, पण रापणीचा दोर कधी हातात धरला नव्हता. ते जाळं अख्खं एकाचं नसतं, एवढंही मला तिच्याकडून कळलं. प्रत्येक घर आपला एक तुकडा आणतं, ते तुकडे एकमेकांना शिवतात आणि त्याची रापण होते. ज्याचा तुकडा, त्याचा जाळ्यातल्या मासळीत वाटा. कोणाचा तुकडा कुठे शिवलाय, कधी बदलला, कोणी दुरुस्त केला, ही यादी तिचा बाप ठेवायचा. ती यादी तिला कॉम्प्युटरवर घ्यायची होती.

तिने आकृती आणली ती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मध्ये रापण. एका बाजूला घर. दुसऱ्या बाजूला जाळ्याचा तुकडा. रापण आणि तुकडा यांच्यात पोकळ शंकरपाळी, बरोबर रापणीच्या टोकाला. नीट पट्टीने काढलेली.

मी पान उलटलं. पुढच्या पानावरही भरलेली शंकरपाळी नव्हती. कुठेच नव्हती.

"कॉम्पोझिशन कुठाय?" मी विचारलं.

"नाय मॅडम. ह्याच्यात तसं काही येत नाही," ती म्हणाली. माझ्याशी ती शुद्ध बोलायचा प्रयत्न करायची.

आता इथे सांगायला हवं. बाहेरून येणारा परीक्षक आकृती हातात घेतो आणि दोन गोष्टी शोधतो. एक पोकळ आणि एक भरलेली. दोन्ही सापडल्या की तो पुढे जातो. सापडल्या नाहीत की तो विचारतो, आणि मुलीला विचारून झालं की मार्गदर्शकाकडे बघतो. मार्गदर्शक मी. त्या वर्षी आमच्या विभागाचा निकाल आधीच पडलेला होता आणि जून पुढे उभा होता.

"एक तरी भरलेली पाहिजे," मी म्हटलं. "हीच भर. तुकड्यांशिवाय जाळं कसलं?"

तिने मान हलवली नाही. तिची शुद्ध भाषा सुटली. "मॅडम, तां जाळां रापणीचा नसता. घराघराचा असता. रापण मोडली काय ज्येचो तुकडो तो घराक घेवन जाता. कधी कधी एकाचो तुकडो दुसऱ्या रापणीक पण दितत." आणि मग अगदी हळू, "तुमीच सांगितलास ना, मोडून बघा म्हणान."

माझंच वाक्य माझ्यासमोर ठेवलं तिने. आणि ते बरोबर होतं. मला तेव्हाच कळलं की ते बरोबर आहे. नंतर कळलं, असं मी म्हणणार नाही. तुकडा रापणीआधी होता, रापण संपल्यावर राहणार होता, त्याचा मालक वेगळा होता. पोकळ शंकरपाळीचं याहून स्वच्छ उदाहरण अकरा वर्षांत माझ्याकडे आलेलं नाही. पुस्तकात छापावं असं होतं ते.

मी लाल पेन घेतलं, तिच्या शंकरपाळीवर फुली मारली आणि शेजारी काळ्या पेनने स्वतः एक काढून भरली. खाली सही केली. "आणि कोडमध्येही तसंच ठेव," मी म्हटलं, "नाहीतर तो विचारेल, आकृतीत एक आणि प्रोग्रॅममध्ये दुसरं कसं?" डेटाबेसमध्ये त्यासाठी एक सूचना लिहावी लागते: मुख्य नोंद काढली की तिला जोडलेल्या सगळ्या नोंदीही काढून टाक. ती ओळ तिने त्याच दिवशी माझ्यासमोर बसून लिहिली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते.

परीक्षक आला. तिने नव्याने काढलेली आकृती बघितली. "कॉम्पोझिशन छान दाखवलंय, लोकल उदाहरण आहे," असं म्हणाला आणि चहा मागवला. तिला वर्गात सगळ्यात जास्त गुण पडले. तिची फाइल आदर्श प्रोजेक्ट म्हणून विभागाच्या कपाटात लागली. मी पेढे खाल्ले. जूनमध्ये मी पुन्हा नवीन झाले.

ती मास्टर्सला जाणार होती, पण आधी एक वर्ष घरी थांबली. तो प्रोग्रॅम तिने खरोखर वापरात आणला, हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे प्रोजेक्ट परीक्षेनंतर मरतात. तिने बापाची अख्खी वही त्यात भरली, घराघरात जाऊन तपासून घेतली. वहीची मग कोणी काळजी केली नाही. पुढच्या पावसाळ्यात तिला वाळवी लागली.

आणि दुसऱ्या वर्षी वाडीत भांडण झालं. कशावरून, ते मला दोन-तीन प्रकारे सांगण्यात आलं. वरची घरं आणि खालची घरं वेगळी झाली, एका रापणीच्या दोन रापणी करायच्या ठरल्या. बापाने मुलीला सांगितलं, जुनी काढ आणि दोन नव्या घाल. तिने लॅपटॉप उघडला, जुनी रापण निवडली, काढ म्हणाली. स्क्रीनने विचारलं, नक्की? ती म्हणाली, हो.

सगळे तुकडे गेले. एकूणएक.

मी तिला नंतर विचारलं, तुला ती ओळ आठवली नाही? तूच लिहिली होतीस ना? ती म्हणाली, "मॅडम, माझ्या डोक्यात ती पोकळच होती." तिने परीक्षेपुरती भरली होती. मला बरं वाटावं म्हणून भरली होती. प्रोग्रॅमला असलं काही कळत नाही, त्याने जे लिहिलं होतं ते केलं. डेटाची दुसरी प्रत तिने ठेवली नव्हती; ही तिची चूक, आणि ती ती कबूल करते. एवढ्या मोठ्या गोष्टीत तिच्या वाट्याची चूक तेवढीच आहे.

जुन्या काळी सुताची जाळी घरी विणायचे, तेव्हा गाठीवरून हात ओळखता यायचा म्हणे. आता सगळ्यांचं नायलॉन एकाच दुकानातलं. शिवलेलं जाळं वाळूत पसरलं तर कुठून कुठवर कोणाचं, हे देव जाणे नाहीतर यादी जाणे. नवे तुकडे आपले म्हणणारे पुष्कळ निघाले, विरलेले आपले म्हणायला कोणी पुढे येईना. मग कोणीतरी बोललं की पोरीनेच मुद्दाम पुसलं, बापाच्या वाट्याला नवा तुकडा यावा म्हणून. एकाने म्हटलं की वाडी म्हणते.

ती मला भेटायला कॉलेजात आली. दुपारची वेळ होती, लॅबमध्ये पंखे बंद होते. तिने काही मागितलं नाही. फक्त म्हणाली, रविवारी सगळे बसणार आहेत, तुम्ही येऊन सांगाल का, की ते कसं झालं? बाबांचं नाव जातंय. मी म्हटलं, येते. आणि खरोखर सांगायचं ठरवूनच गेले. एसटीत वाक्य जुळवत होते: मी तिच्याकडून बदलून घेतलं, तिने बरोबर काढलं होतं. दोन वाक्यं. वर्गात मी तासाला हजार बोलते.

माणसं किनाऱ्यावरच्या खोपीत बसली होती. जाळं बाहेर वाळूत तसंच पडलेलं. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. पुढे बघते तर आमच्या संस्थेच्या कमिटीवरचे एक गृहस्थ बसलेले. त्याच गावचे, वरच्या घरांपैकी. दर जूनमध्ये मला अनुभव किती म्हणून विचारणारे. त्यांनी हात जोडले आणि हसून म्हणाले, "या मॅडम, तुम्हीच सांगा आता, टेक्निकल काय ते."

मे महिना होता.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "सॉफ्टवेअरमध्ये असं होतं कधी कधी. मुख्य नोंद काढली की बाकीच्या नोंदी आपोआप डिलीट होतात. मुद्दाम केलेलं नाही कोणी."

खोटं एक अक्षर नव्हतं. व्याकरणातली केवढी सोय आहे ही! होतं, झालं, डिलीट झालं, चूक झाली. माणूस कुठे दिसतच नाही. आमच्या अख्ख्या कॉलेजचा कारभार या एका क्रियापदावर चालतो, आणि मी ते त्या खोपीत घेऊन गेले.

कोपऱ्यात एक म्हातारा तांडेल बसला होता, होडीच्या सुकाणूवर जन्म गेलेला. त्याने विडी बाजूला केली. "असा आपसूक कसा होता, बाईनू? कोणीतरी केल्याशिवाय खंय काय होता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तीही बघत होती. माझ्या तोंडात दोन्ही वाक्यं तयार होती. मी पाण्याचा पेला उचलला.

"माझ्याच हातान झाला," तीच बोलली. "मॅडमांचो ह्येच्यात काय एक संबंध नाय."

तिने मला वाचवलं. त्याबद्दल मला तिचा राग आला. इतका नीच राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता.

तिचा बाप उठला. अंगाने किडकिडीत, बोलायला मऊ माणूस. मला म्हणाला, "बाईनू, तुमी शिकवलास तां बरोबरच असतला. ह्या चेडवानच नीट ध्यान दिल्यान नाय." तो माझी माफी मागत होता, कारण त्याच्या मुलीमुळे मला रविवारी एवढ्या लांब यावं लागलं. जाताना त्याने मला कोकमाची बाटली दिली. मी घेतली.

भांडण मिटवलं त्यानेच. आपला तुकडा, जेवढा सगळ्यांनी त्याचा म्हणून मानला तेवढा, त्याने तक्रार करणाऱ्यांना देऊन टाकला. यादी माझ्याकडे होती, भरपाई माझी, म्हणाला. तुकडा नाही म्हणजे जाळ्यात वाटा नाही. ज्याने सगळ्यांचे तुकडे लिहून ठेवले, त्याचा दोन्ही रापणींत एकही नाही. आता तो वेंगुर्ल्याला दुसऱ्याच्या ट्रॉलरवर जातो. मुलीचं मास्टर्स राहिलं ते राहिलंच. ती तिथेच एका काजूच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघते. मला दिवाळीला मेसेज करते. "नमस्कार मॅडम, कशा आहात?" मी लिहिते, बरी आहे.

तो जून, पुढचा जून, दोन्ही वेळा माझी नेमणूक झाली. झाली, म्हणते मी अजून.

तिची फाइल कपाटातच आहे. मी ती काढून टाकू शकले असते. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. पण आदर्श प्रोजेक्ट गायब झाला तर विचारतील, आणि विचारलं तर सांगावं लागेल. म्हणून ती राहिली, आणि दर वर्षी दोन-चार मुलं ती बघून आपली आकृती काढतात. तीच काळी शंकरपाळी. चारेक बॅचच्या वह्यांत ती आता आहे. वर्गात मी गणपतीवर थांबते. रापण घेत नाही.

यंदा एका मुलीने ती फाइल लॅबमध्ये माझ्या टेबलावर आणली. देवबागकडची आहे, तिच्याही घरचा तुकडा रापणीत असणार, मी विचारलं नाही. तिने माझ्या फुलीचं ते कच्चं पान उघडलं आणि बोट ठेवलं. फुलीखाली जुनी पोकळ शंकरपाळी अजून स्वच्छ दिसते. मिठबावच्या मुलीने ती काढली होतीच इतकी नीट.

"मॅडम, आधीची बरोबर होती ना? रापण मोडली तरी जाळां ज्येचा त्येका जाता." मग सही बघून जरा सांभाळून घेत म्हणाली, "ही चुकून भरली गेली काय?"

वर्ग आपापल्या स्क्रीनवर होता. कमिटीचं कोणी नव्हतं, तांडेल नव्हता, बाप समुद्रात होता. जिथे बोलायचं होतं तिथून मी दोन वर्षं आणि तासभराच्या एसटीइतकी लांब बसले होते.

"भरली गेली नाही," मी म्हटलं. "मी भरली."